ग्रुपवर कोणत्या भाषेत लिहावं?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नव्या ठिकाणी सगळे वेगवेगळ्या भाषांचे, मग मेसेज लिहायचे कशात, असं तू विचारलंस. आधी माझ्या हातून झालेली चूक सांगतो.

आम्ही सहा जण. दोघे मराठी, तिघे हिंदी, एक तमिळ. एका संध्याकाळी कामाच्या ग्रुपवरच माझं आणि मराठी सहकाऱ्याचं मराठीत बोलणं रंगलं, तेही रोमन लिपीत. आधी गप्पा, मग नकळत काम, आणि मध्येच मी लिहून गेलो, ‘फाईल १२ला नको, १५ला देऊ.’ हिंदीवाल्यांनी अंदाजाने ओळखलं. तमिळ सहकाऱ्याला वाटलं, या दोघांचं खासगी चाललंय. तो रविवारी एकटा बसून फाईल पुरी करत होता. सोमवारी कळलं तेव्हा त्याने फक्त अंगठा पाठवला. तो अंगठा मला अजून बोचतो.

गंमत म्हणजे नंतर तो निर्णय मलाही शोधून सापडेना. रोमन मराठीला ठरलेलं स्पेलिंग नाही. ‘झालं’ हा एकच शब्द कोणी `zala` लिहितो, कोणी `jhala`, कोणी `zhala`. सर्चमध्ये एक टाकलं की दुसरं येत नाही.

तेव्हापासून मी एवढंच पाळतो: तारीख, आकडा आणि काम कोणाचं, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला वाचता येईल अशाच भाषेत लिहायचं. आमच्याकडे ती इंग्रजी. हिंदीने भागेल असं आपल्याला वाटतं, पण तमिळ सहकाऱ्याला ती इंग्रजीपेक्षा जड जाते. आणि हिंदीतही घोटाळे आहेतच. ‘कल’ म्हणजे काल की उद्या? आपल्या ‘परवा’चंही तेच. पूर्ण वाक्यात क्रियापद सांभाळून घेतं, पण ‘टेस्टिंग परवा’ एवढंच लिहिलं तर झालं की व्हायचंय, कळत नाही. मी सरळ तारीख घालतो. मराठीत बोलता बोलता काही ठरलंच, तर ते दोन ओळींत इंग्रजीत लिहून त्या तमिळ सहकाऱ्याचं नाव टॅग करतो.

पण सगळंच इंग्रजीत नेऊ नकोस. त्या मराठी सहकाऱ्याशी खासगीत मी नेहमी मराठीतच बोलायचो. एकदा घाईत त्याला ‘प्लीज कम्प्लीट धिस टुडे’ एवढंच पाठवलं. त्याने लगेच फोन केला, ‘रागावलायस का?’ शब्दांत राग नव्हताच, पण भाषा अचानक बदलली म्हणून त्याला परकं वाटलं. चूक दाखवायची असेल तेव्हा तर मी मुद्दाम त्याच्याशी मराठीत, खासगीतच लिहितो.

तुझ्या ग्रुपमध्ये कोण नुसता अंगठा पाठवून गप्प बसतो, ते आठवडाभर बघ. त्याला वेगळं गाठून विचार, कोणत्या भाषेत वाचायला सोपं जातं. काय म्हणाला ते मला कळव.

तुझा मित्र