लस बर्फातही मरते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या मोहोळ भागात शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचायची घाई उडते. लस उन्हात न्यायची नाही, एवढं आता लहान पोरालाही माहीत आहे. पण तीच लस गारठूनही वाया जाते, हे मला गेल्या मे महिन्यात पदरच्या पैशानं कळलं. ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून हे पत्र.

माझ्याकडे लहान-मोठ्या मिळून चौसष्ट शेळ्या आहेत. शेळीला दोन मिली डोस आणि शंभर मिलीची बाटली, म्हणजे एका बाटलीत पन्नास शेळ्या होतात. म्हणून सोलापुरातल्या एका दुकानातून एकाच बॅचच्या दोन बाटल्या घेतल्या. दुकानदारानं फ्रीजरमधला कडक बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत भरून त्यातच बाटल्या खोचून दिल्या. मलाही तेव्हा बरंच वाटलं. घरी आल्यावर एक बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात बसली. दुसरीला आंब्यांमुळे जागा नव्हती, म्हणून मंडळींनी ती वर फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी ती दगडासारखी झाली होती. ओट्यावर ठेवली, तासा-दीड तासात वितळली आणि दिसायला दोन्ही अगदी सारख्या!

टोचायला आलेल्या पशुधन पर्यवेक्षकांना मी हे सांगितलं नसतं, तर चौदा शेळ्यांना पाणीच टोचलं गेलं असतं. त्यांनी दोन्ही बाटल्या सारख्याच जोरानं हलवून ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "चहा होऊ द्या." अर्ध्या तासानं पाहिलं तर मधल्या कप्प्यातली बाटली अजून सारखी गढूळ होती. गोठलेल्या बाटलीत मात्र फुटक्या दुधासारखे कण तळाशी बसले होते आणि वर नितळ पाणी सुटलं होतं.

कारण त्यांनी सांगितलं ते असं. या लशीत औषधाचा अंश तुरटीच्या जातीच्या बारीक कणांना चिकटवलेला असतो. पाणी गोठलं की ते कण एकमेकांवर दाबले जाऊन त्यांचे गोळे होतात. बर्फ वितळला तरी गोळे सुटत नाहीत. अशी लस अंगात नीट काम करत नाही, वर टोचल्या जागी गाठ येऊ शकते. ती बाटली फेकली. उरलेल्या चौदा शेळ्या पुढच्या आठवड्यात नवी बाटली आणून टोचल्या.

हलवून बघायची ही परीक्षा तुरटीवाल्या लशींपुरतीच. लाळ-खुरकुताची तेलातली लस दुधासारखी पांढरी असते. ती हलवूनही तेल-पाणी वेगळंच राहत असेल तर घेऊ नये. पीपीआर रोगाची लस कोरड्या भुकटीची असते, तिचं उलटं आहे. तिला थंडीचं भय नाही, उन्हाचं आहे. ती कालवायचं द्रावणही आधी गार करून ठेवावं लागतं, आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. राहिली तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही.

उन्हानं बिघडलेल्या लशीचं मात्र काहीच दिसत नाही, ही खरी अडचण. मुलांच्या पोलिओच्या बाटलीवर रंग बदलणारा चौकोन असतो. तसा जनावरांच्या एकाही बाटलीवर मला आजवर दिसलेला नाही. म्हणून गाडीच्या डिकीत तासभर विसरलेली बाटली चांगली दिसते म्हणून वापरू नये.

आता मी दोन ते आठ अंश एवढंच लक्षात ठेवतो. आइस पॅक फ्रीजरमधून काढल्यावर लगेच डब्यात घालत नाही. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला लागला, म्हणजे तो शून्यावर आला, की मग भरतो. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून मध्ये ठेवतो, बर्फाला टेकू देत नाही. घरी मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून दूर. दारात नाही, कारण दार दर थोड्या वेळानं उघडतं. खालच्या कप्प्यात पाण्याच्या चार भरलेल्या बाटल्या असतात. लाईट गेली की त्यांच्यामुळे गारवा टिकतो, आणि तेवढा वेळ दार उघडायचं नाही अशी घरात ताकीद आहे. शे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर आत ठेवला आहे. त्यावरून कळलं की आमच्या फ्रीजचा नॉब पाचवर असला की मागच्या बाजूला शून्याखाली जातं.

दुकानदारांना एवढंच सांगणं आहे की बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये निदान एक कागद तरी घाला. आणि लस कुठल्या तारखेला फ्रीजमधून बाहेर काढली ते पावतीवर लिहून द्या.

आपला,
एक शेळीपालक,
मोहोळ तालुका, जि. सोलापूर