कुलूप तुमचे, किल्ली तुमची, मग जोखीम माझी कशी?

मा. पणनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. मार्चमध्ये हरभऱ्याचा भाव पडला, म्हणून शेतमाल तारण योजनेत ५० क्विंटल माल वखारीत ठेवला. पन्नास किलोच्या १०० गोण्या. क्विंटलला ५,००० रुपये धरून किंमत झाली अडीच लाख. तिच्या ७५ टक्के, म्हणजे १,८७,५०० रुपये कर्ज सहा टक्के व्याजाने मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही, त्या पैशातच खरिपाचे बियाणे आले.

गेल्या गुरुवारी माल सोडवायला गेलो. चार महिन्यांचे व्याज ३,७५० धरून १,९१,२५० रुपये मोजले. थप्पी उघडली तर खालच्या २२ गोण्या बुरशीने काळ्या पडलेल्या, हात घातला की ढेकळे निघत होती. जूनच्या पहिल्या पावसात पत्रा गळला होता आणि थप्पीखाली लाकडी फळ्याच नव्हत्या, गोण्या थेट फरशीवर रचलेल्या. ११ क्विंटल गेले, ५५,००० रुपयांचे. वखारीच्या साहेबांनी पावतीची मागची बाजू दाखवली: 'माल मालकाच्या जोखमीवर. आम्ही फक्त जागा देतो.'

साहेब, 'फक्त जागा' म्हणजे काय ते कायद्यात आहे आणि ते मला वकिलाकडून शिकावे लागले, याची मला चीड आहे. मी खोली भाड्याने घेतली असती, माझे कुलूप लावले असते, किल्ली माझ्या खिशात असती, तर माल माझ्याच ताब्यात राहिला असता. मद्रास उच्च न्यायालयासमोर असाच एक खटला आला होता. एका बाईने सोनाराकडे दागिने घडवायला दिले. रोज संध्याकाळी ती अर्धवट दागिने त्याच्याच खोलीतल्या पेटीत ठेवी आणि किल्ली घरी नेई. चोरी झाली तेव्हा न्यायालय म्हणाले, ताबा सोनाराकडे गेलाच नव्हता, त्यामुळे जबाबदारी त्याची नाही. ते मला मान्य आहे.

पण माझ्या हरभऱ्याची किल्ली कोणाकडे होती? वखारीच्या हमालांनी थप्पी लावली, वखारीच्या काट्यावर वजन झाले, आत पाऊल टाकायला मलाच परवानगी लागत होती. ठरावीक कामासाठी, काम झाल्यावर परत द्यायच्या बोलीवर माल दुसऱ्याच्या ताब्यात देणे याला १८७२ च्या करार कायद्यात निक्षेप म्हणतात, कलम १४८. कर्जाची हमी म्हणून दिला की तोच निक्षेप तारण होतो, कलम १७२. मालकी माझीच राहते. कर्ज, व्याज आणि माल जपायचा जरुरी खर्च फिटेपर्यंत अडवून ठेवायचा हक्क त्यांना मिळतो, वाजवी नोटीस देऊन विकण्याचाही मिळतो. हक्क मिळाला म्हणून काळजी घ्यायचे कर्तव्य संपत नाही. कलम १५१ सांगते, साधारण शहाणा माणूस तशाच स्वतःच्या मालाची जितकी काळजी घेईल तितकी घ्या. एवढी काळजी घेऊनही माल गेला तर ते सुटतात. पूर आला, वीज पडली, तर मी एक शब्द बोललो नसतो. पण पावसाळ्याआधी पत्रा न बघणे आणि फळी न टाकणे ही शहाण्या माणसाची काळजी आहे का? आमच्याकडे कुडाच्या घरातही कणगी जमिनीला टेकवत नाहीत.

'मालकाच्या जोखमीवर' या छापील ओळीचे काय, तेही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. दिल्लीच्या एका हॉटेलात पाहुण्याने गाडीची किल्ली नोकराकडे दिली, गाडी चोरीला गेली. न्यायालयाने ठरवले की गाडी हॉटेलच्या ताब्यात होती, तेव्हा काळजी घेतली होती हे हॉटेलनेच सिद्ध करायचे, आणि स्वतःचा निष्काळजीपणा अशा ओळीमागे लपवता येत नाही. शहरातल्या गाडीला हा न्याय आणि माझ्या गोण्यांना नाही?

माझी आई ८० वर्षांची, अहिराणीशिवाय दुसरे बोलत नाही. ती एवढेच म्हणाली, "माल त्यासना कुलूपमा, नि जबाबदारी आपली?" तिने कलम वाचलेले नाही.

मला मदत नको, माझा माल किंवा त्याची भरपाई हवी. हप्ता थकला की आमच्या दारावर नोटीस येते. तुमच्या वखारीचा पत्रा गळला की कोणाच्या दारावर येते? सोसायटी, बँक, बाजार, सगळीकडे शेतकऱ्याने सही करायची कागदाच्या पुढच्या बाजूला आणि त्याचा हक्क काढून घ्यायचा मागच्या बाजूला. त्या गुरुवारी वखारीच्या दारात माझ्यासारखे आणखी सात जण उभे होते. ती ओळ पावतीवरून काढा. माल घेताना ओलावा आणि थप्पीचा नंबर पावतीवर लिहायला लावा, म्हणजे परत देताना वाद राहणार नाही.

खालच्या २२ गोण्या मी उचललेल्या नाहीत, त्या तिथेच आहेत. साहेबांनी त्या 'जागा अडते' म्हणून दोन दिवसांत हलवायला सांगितल्या आहेत. त्याआधी पंचनाम्याला माणूस पाठवा.

आपला,
एक हरभरा उत्पादक, अमळनेर तालुका, जि. जळगाव