विषय: स्कॅन हरवण्याबाबत आणि टेबलची पार्टिशन की बदलून मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
वागळे इस्टेट, ठाणे

महोदय,

आमच्या तुर्भे येथील हबवर तुम्ही बसवलेल्या पार्सल ट्रॅकिंग प्रणालीत संध्याकाळी स्कॅन हरवतात. ही तक्रार सपोर्टकडे वारंवार नोंदवूनही 'कपॅसिटी वाढवा' एवढेच उत्तर मिळते. आम्ही डायनॅमोडीबी टेबलची कपॅसिटी सेकंदाला ६,००० राइट युनिटपर्यंत नेली. मग तुमच्याच सांगण्यावरून टेबल ऑन-डिमांडवर टाकले. बिल वाढले, स्कॅन हरवायचे काही थांबले नाहीत. म्हणून आता कारण आम्हीच लिहून देत आहोत.

तुमच्या टेबलची पार्टिशन की `customerId` आहे आणि सॉर्ट की `scanTime`. बाकीच्या ग्राहकांचे यात काही बिघडत नाही. पण आमचा एक ग्राहक इतका मोठा आहे की भिवंडीच्या गोदामांतून त्याच्या गाड्या आल्या की हबवर दुसरे काही दिसत नाही. त्या वेळी पंचवीस स्कॅनर चालतात आणि सेकंदाला साधारण आठ बॅगा स्कॅन होतात. एका बॅगेत साठ पार्सले, आणि तुमची प्रणाली प्रत्येक पार्सलची वेगळी नोंद लिहिते. म्हणजे सेकंदाला ४८० नोंदी. प्रत्येक नोंदीत पूर्ण पत्ता आणि मालाचे वर्णन कोंबल्यामुळे ती २.६ केबीची होते, आणि दर केबीला एक युनिट, वर पूर्णांकात, या हिशेबाने तिला ३ युनिट लागतात. गुणाकार १,४४० येतो. डायनॅमोडीबीत एका पार्टिशनला सेकंदाला १,००० राइट युनिटच मिळतात. टेबलला ६,००० दिले काय किंवा ऑन-डिमांड केले काय, ही मर्यादा तीच राहते.

तुमचे अभियंते म्हणाले, 'गरम पार्टिशन ॲमेझॉन आपोआप विभागते.' विभागते, हे खरे. पण इथे सॉर्ट की म्हणजे वेळ, आणि वेळ सतत पुढेच जाते. त्या ग्राहकाच्या नोंदी कुठेही तोडल्या तरी नवी नोंद शेवटच्याच तुकड्यात पडणार. जुने तुकडे रिकामे बसून राहतात.

हा अंदाज नाही. टेबल आमच्या खात्यात आहे, त्यामुळे क्लाउडवॉच आम्हाला दिसते. टेबल ६,००० वर होते तेव्हाही वापराचा आलेख १,२०० च्या आसपास अडलेला असे आणि त्याच वेळी `WriteThrottleEvents` चढत असे. भरपूर जागा शिल्लक असताना लेखन नाकारले जाते, ते कपॅसिटी कमी असल्याने कसे असेल? काँट्रिब्युटर इनसाइट्स चालू केल्यावर अडवल्या गेलेल्या कीजच्या यादीत त्या एकाच ग्राहकाचा क्रमांक सर्वांत वर आला.

त्याहून गंभीर बाब पुढे आहे. तुमचे ॲप `BatchWriteItem` वापरते. काही नोंदी लिहिल्या गेल्या नाहीत तर ही विनंती त्रुटी देत नाही, उरलेल्या नोंदी `UnprocessedItems` मध्ये परत पाठवते. तुमचा कोड ते पाहतच नाही. स्कॅनरवर हिरवा दिवा लागतो, हमाल बॅग पुढे ढकलतो, आणि त्यातली काही पार्सले आमच्या नोंदीत कधीच आलेली नसतात. त्यांची भरपाई ग्राहक आमच्या बिलातून कापतो.

आमची मागणी अशी: नव्या टेबलची पार्टिशन की पार्सलच्या डॉकेट क्रमांकावर, `awbNo` वर, असावी, म्हणजे लेखन हजारो कीजवर पसरेल. ग्राहकनिहाय अहवालासाठी ग्लोबल इंडेक्स लागेल, पण त्याची की नुसती `customerId` ठेवू नका. तसे केल्यास तीच गर्दी इंडेक्सवर होईल, आणि इंडेक्स तुंबला की मूळ टेबलवरचे लेखनही अडते. रचना अशी हवी:

```
PK     = awbNo
SK     = scanTime
GSI PK = customerId + "#" + (hash(awbNo) % 10)
GSI SK = scanTime
```

इंडेक्समध्ये मोजकेच रकाने ठेवल्यास नोंद एका युनिटात बसेल. मग ४८० नोंदी दहा भागांत विभागल्या जातील आणि दिवाळीतली दुप्पट गर्दीही झेपेल. बदल्यात अहवालाला दहा क्वेरी करून निकाल वेळेनुसार जुळवावे लागतील. अहवाल क्षणभर मागे राहिला तरी आमची हरकत नाही. दहा भाग फक्त या मोठ्या ग्राहकाला द्या. लहान ग्राहकांना एकच पुरतो, उगाच दहा क्वेरी कशाला?

चालू टेबलची पार्टिशन की बदलता येत नाही हे आम्ही जाणतो. म्हणून नवे टेबल उभारून काही काळ दोन्हीकडे लिहा, जुन्या नोंदी मागून भरा आणि आकडे जुळल्यावरच वाचन नव्याकडे वळवा. `UnprocessedItems` ची दुरुस्ती मात्र यासाठी थांबवू नका, ती याच आठवड्यात हवी.

तुमच्या सल्ल्याने वाढवलेल्या कपॅसिटीचा खर्च वार्षिक देखभाल शुल्कातून वजा करावा. स्थलांतराचे लेखी वेळापत्रक पंधरा दिवसांत न मिळाल्यास पुढील तिमाहीचे शुल्क रोखून धरले जाईल.

आपला,
संगणक विभागप्रमुख,
तुर्भे, नवी मुंबई