छोटी रडली की मला कसं कळतं

फोंडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र मिळालं. एरवी दोन ओळींचा मेसेज करणाऱ्या माणसानं दोन पानं हातानं लिहिली, तेव्हाच कळलं की काळजी साधी नाही. "रात्री पोर रडली आणि तुम्ही दोघंही गाढ झोपेत असलात तर?" हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. ऐकू न येणाऱ्या दोन माणसांच्या घरात तान्हं मूल म्हटल्यावर तो कुणालाही पडेल. "फोन सांगतो" एवढं व्हिडिओ कॉलवर खुणेनं सांगून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून सगळं नीट लिहिते.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत Sound Notifications नावाची सोय आहे. 2020 पासून ती मिळते. आयफोनलाही त्याच वर्षी तशीच सोय आली. चालू केली की फोनचा माईक सतत ऐकत राहतो. आलेल्या आवाजाचे लहान लहान तुकडे पाडून, त्यांत कुठल्या पट्टीचे सूर किती जोरात आहेत हे तो तपासतो आणि हे बाळाचं रडणं, ही दारावरची थाप, हा धुराचा अलार्म, असा अंदाज बांधतो. खात्री पुरेशी वाटली की फोन थरथरतो, फ्लॅश मारतो आणि मनगटावरच्या घड्याळालाही कळवतो. हे सगळं फोनच्या आतच होतं, त्याला इंटरनेट लागत नाही. पावसात नेट गेलं तर काय, हा तुमचा दुसरा प्रश्न होता, त्याचं हे उत्तर.

पण तो अंदाज आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. म्हणून आम्ही त्याची परीक्षा घेतली. एका शनिवारी रात्री तुमचे जावई पाळण्याजवळ वही घेऊन जागे बसले. छोटीनं तोंड उघडलं की ते वेळ टिपायचे आणि मला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. मी घड्याळ बांधून झोपले. या ॲपमध्ये कुठला आवाज कधी आला याची नोंद राहते. सकाळी ती नोंद आणि यांची वही शेजारी ठेवून ताडून पाहिली.

मोठ्यानं घसा ताणून रडली तेवढी सगळी रडणी फोननं पकडली होती. त्याआधीची कुरकुर मात्र एकदाही नाही. आणि पंखा पाचावर असताना एक रडणं इतकं उशिरा कळलं की यांनी वहीत समोर उद्गारचिन्ह काढलं होतं. फोन तेव्हा खिडकीतल्या टेबलावर होता, पाळण्यापासून बराच लांब आणि पंख्याच्या वाऱ्यात. आम्हाला पंख्याचा आवाज येत नाही, त्यामुळे तो फोनला येत असेल हे सहज लक्षात येत नाही. माईकवर थेट वारा आला तर त्याला नुसती घरघर ऐकू येते. आता फोन पाळण्याच्या डोक्याशी स्टुलावर असतो, वाऱ्याकडे पाठ करून. अंतर निम्मं केलं की रडण्याचा आवाज साधारण सहा डेसिबलनं वाढतो, पंख्याचा मात्र होता तेवढाच राहतो. त्यानंतर उशीर झालेला नाही.

कुरकुरीचं काय, असं आई विचारेल. आई, तूच मला सांगितलं होतंस की मूल भुकेलं की आधी तोंड इकडेतिकडे वळवतं, मूठ चोखतं, आणि रडतं सगळ्यात शेवटी. फोनला फक्त ते शेवटचं कळतं. म्हणून रात्री पाजायच्या वेळांना मी घड्याळात थरथरणारा गजर लावते आणि उठून तिच्याकडे बघते. रडण्याची सूचना ही मधल्या वेळेसाठी. दिवसा ती डोळ्यांसमोरच असते, तेव्हा फोनचं फारसं काम पडत नाही.

खोट्या सूचनाही येतात. कुंपणावर भांडणारी मांजरं हे त्यांचं मोठं कारण, कारण मांजराचा लांबलेला आवाज आणि तान्ह्याचं रडणं यांची पट्टी बरीच जवळची. शेजारच्या वहिनींची मालिका चालू असली आणि तीत कुणाला बाळ झालं असलं तरी माझं मनगट थरथरतं. मला त्याचा राग येत नाही. रात्री फुकट एकदा उठावं लागलं तर चालेल, पण खरं रडणं हुकायला नको.

मला जास्त भीती आहे ती सूचना आलीच नाही आणि ती आली नाही हेही कळलं नाही, याची. असं होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. फोन बॅटरी वाचवायला पाठीमागे चालणारी ॲपं गुपचूप बंद करतो, म्हणून या ॲपला बॅटरीच्या बंधनातून वगळावं लागतं. घड्याळाचा झोपेचा मोड रात्री आपोआप चालू झाला तर ते थरथरतच नाही, आणि नेमकी रात्रीच ते थरथरायला हवं असतं. तो मोड मी कायमचा काढून टाकलाय. तिसरी जागा खास आमच्यासारख्यांची. आम्ही बोलतो ते व्हिडिओ कॉलवर, हातांनी. पण कॉल चालू झाला की फोन माईक कॉलला देतो आणि आवाज ओळखणाऱ्या ॲपच्या वाट्याला शांतता येते. म्हणजे मी तुमच्याशी खुणांनी गप्पा मारतेय, माईकची मला काही गरजही नाही, आणि तेवढ्यात फोन बहिरा झालेला असतो! म्हणून पाळण्याजवळचा फोन हा यांचा जुना फोन आहे. त्यात सिमकार्ड नाही, कॉल नाहीत, तो सदा चार्जरला असतो. माझं घड्याळ त्याच फोनला जोडलंय. रोज झोपण्याआधी मी पाळण्याशी उभी राहून माझ्या फोनवर बाळाच्या रडण्याचा व्हिडिओ लावते आणि मनगट थरथरलं की मगच दिवा बंद करते. छोटीला हा प्रकार अजिबात आवडत नाही.

दाराच्या बेलची गंमत वेगळीच. आमच्या बेलमध्ये आरतीची धून आहे. फोनला टिंग-टाँग लगेच कळतं, पण आरती वाजली की त्याला ते कुठलं तरी गाणं वाटतं आणि तो गप्प बसतो. तेव्हा आपला आवाज त्याला शिकवायची सोय वापरली. दार बंद ठेवून, पंखा नेहमीसारखा चालू ठेवून, फोन जिथे असतो तिथूनच बेल रेकॉर्ड केली आणि 'दार' असं नाव दिलं. तसाच सकाळच्या पोदेराचा भोंगाही शिकवला. तो पोंप-पोंप सरळसोट असल्यानं फोनला पटकन पाठ झाला, आणि आता पाव चुकत नाहीत. मासे विकणाऱ्या नुस्तेकान्नीची हाक मात्र काही केल्या जमत नाही, कारण ती दर वेळी वेगळी ओरडते, आणि घाईत असली तर ओरडतही नाही.

तरीही दारासाठी माझा खरा भरवसा फोनवर नाही. वायरमनकडून बेलच्या बटणाला हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये एकेक बल्ब जोडून घेतलाय. बटण दाबलं की बल्ब लागतो. त्याला काही ओळखावं लागत नाही, म्हणून तो चुकतही नाही. लाईट गेली की मात्र बेलही नाही आणि बल्बही नाही, तेव्हा लोक दार वाजवतात आणि ती थाप पकडायला फोन असतो.

आता आगीचं. इथे लोकांची एक समजूत असते की फोन धूर ओळखतो. फोन धूर ओळखत नाही, तो धुराच्या अलार्मचा आवाज ओळखतो. घरात अलार्मच नसेल तर ऐकणार काय? आपल्याकडच्या बहुतेक घरांत तो नसतोच. आम्ही बॅटरीवर चालणारा एक आणून स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये छताला लावला. शेगडीच्या वर लावला तर रोजच्या फोडणीला तो वाजत बसेल आणि एक दिवस आपणच चिडून त्याची बॅटरी काढू. त्याचं वाजणं ठरलेलं असतं, तीन बीप, मग थोडी विश्रांती, पुन्हा तीन. फोनला ही लय छान कळते. झाडूच्या दांड्यानं चाचणीचं बटण दाबलं की स्वयंपाकघरातल्या माझ्या मनगटापर्यंत खबर येते.

पण बॅटरी उतरली की हाच अलार्म मिनिटभरानं एकदा बारीकशी टुक करतो, आणि ती फोन ओळखत नाही. ऐकणारं माणूस त्या टुकटुकीला कंटाळून बॅटरी बदलतं. आमच्या घरात तो महिनाभर टुकटुकला तरी कुणाला पत्ता लागणार नाही. म्हणून दर वर्षी गणेशचवथीला, उतरली असो वा नसो, बॅटरी बदलायची असं ठरवून टाकलंय. शिवाय जीव धोक्यात असेल अशा वेळी या सोयीवर विसंबू नका, असं फोनवाले स्वतःच सांगतात. ते मी शब्दशः घेते. बंद डोळ्यांना फ्लॅशनं फारशी जाग येत नाही, अंग हलल्यावर येते. त्यामुळे अलार्म वाजला की उशीखालची चकती जोरात हलवणारं वेगळं यंत्र मागवलंय. रात्रीच्या आगीसाठी माझा भरवसा त्याच्यावर असेल, फोनवर नाही.

आई, पेडण्याला येऊन राहायचं म्हणतेस, तर चवथीला येतोच आहोत. कायमचं मात्र नको. यांची नोकरी इथे आहे आणि घर आता आमच्या सवयीचं झालंय.

आणि बाबा, एक तुमच्याबद्दल. रात्री तुम्ही कानातलं यंत्र काढून ठेवता. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि साध्या धुराच्या अलार्मचा आवाज 3000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बराच उंच असतो. छोटी रडली तर तुम्हाला कदाचित ऐकू येईल, अलार्म येणार नाही. 520 हर्ट्झच्या खालच्या पट्टीत वाजणारे अलार्मही असतात, झोपलेल्या माणसाला ते जास्त चांगले उठवतात, पण इथल्या दुकानांत मला मिळाले नाहीत. तेव्हा उशीखालचं यंत्र मी एकाऐवजी दोन मागवतेय. तुमच्या पलंगाच्या कुठल्या बाजूला प्लग आहे आणि तो पलंगापासून किती हात लांब आहे, तेवढं मोजून कळवा. आणि माजघरातल्या छताचा एक फोटो पाठवा, कौलाखाली अलार्म कुठे बसवायचा ते यांना आधी बघायचंय.

तुमची,
बाय