क्रिएटिन : सहा दिवस की अठ्ठावीस?

मा. संपादक,

ताकद वाढवायला व्यायाम करणारे घेतात त्या क्रिएटिनवर आपल्या आरोग्य पुरवणीत लेख आला. त्या लेखात ‘सुरुवातीला लोडिंग केल्याशिवाय क्रिएटिन लागू पडत नाही’ असे ठामपणे लिहिले आहे. लोडिंग म्हणजे पहिले काही दिवस रोज मोठी मात्रा घेऊन स्नायूंतला साठा झटपट भरणे. मी कोल्हापूर जिल्ह्यात मुलांना व्यायाम शिकवतो. हेच वाक्य ऐकून मुले पहिल्या आठवड्यातच डबा रिकामा करतात, म्हणून हे पत्र.

या प्रश्नाचा सरळ निकाल १९९६ साली लागला. स्वीडनमधले शास्त्रज्ञ एरिक हल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरुषांच्या मांडीतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून त्यातले क्रिएटिन मोजले. एका गटाने सहा दिवस रोज २० ग्रॅम घेतले, दुसऱ्याने अठ्ठावीस दिवस रोज फक्त ३ ग्रॅम. दोन्ही गटांत स्नायूतले क्रिएटिन साधारण २० टक्क्यांनी वाढले. मुक्काम एकच, फरक फक्त पोहोचायच्या वेळेचा.

असे का होते, ते ७० किलो वजनाच्या माणसाचा हिशेब मांडला की कळते. त्याच्या अंगात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते आणि जवळपास सगळे स्नायूंत. त्यातले दोनेक ग्रॅम रोज क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे जाते. ही तूट यकृत-मूत्रपिंडात तयार होणारे क्रिएटिन आणि मांस-मासे भरून काढतात. आता २० टक्के वाढ म्हणजे जेमतेम २४ ग्रॅम. लोडिंगवाला सहा दिवसांत १२० ग्रॅम पोटात घालतो, त्यातले २४ मुरतात, बाकीचे बहुतेक लघवीतून निघून जाते. ३ ग्रॅमवाला अठ्ठावीस दिवसांत ८४ ग्रॅम घेतो आणि त्याच्याही स्नायूंत तेवढेच २४ मुरतात. मुसळधार पाऊस वाहून जातो आणि भिजपाऊस मुरतो, तसे हे आहे.

स्नायूच्या पेशीत क्रिएटिन आपोआप झिरपत नाही. पेशीच्या आवरणातली वाहक प्रथिने ते आत ओढतात, आणि आतला साठा वाढत गेला की ही ओढ मंदावते. १९९२ च्या एका प्रयोगात रोज ३० ग्रॅम घेणाऱ्यांच्या लघवीत पहिल्या दिवशी मात्रेच्या ४० टक्के क्रिएटिन सापडले, तिसऱ्या दिवशी ६८ टक्के. म्हणजे लोडिंगचा खरा लाभ पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतो. आठवड्यानंतरही २० ग्रॅम चालू ठेवणे म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणे. साठा भरल्यावर तो टिकवायला रोज २-३ ग्रॅम पुरतात. घेणे थांबवले तर महिना-दीड महिन्यात पातळी हळूहळू मूळ पदावर येते, म्हणून एखाद-दुसरा दिवस चुकला तर पुन्हा लोडिंग करायची गरज नाही.

लोडिंग मुळीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. स्पर्धा दहा दिवसांवर असेल तर ३ ग्रॅमने तोवर साठा भरणार नाही, तिथे लोडिंगच हवे. मात्र २० ग्रॅम एका ग्लासात ढवळून पिऊ नयेत. पाच-पाच ग्रॅम चार वेळा, शक्यतो जेवणाबरोबर घ्यावे. एकदम मोठी मात्रा घेतली की पोट बिघडते, जुलाब होतात, आणि मग मुलगा क्रिएटिनच सोडून देतो. वजनगटात कुस्ती खेळणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे : लोडिंगच्या आठवड्यात स्नायूंत पाणी धरल्याने वजन एक-दोन किलोने वाढू शकते. वजनकाट्यावर उभे राहायच्या तोंडावर ते परवडत नाही.

कमी मात्रेची अडचण वेगळी आहे. दहाव्या दिवशी मुलगा विचारतो, ‘सर, काहीच फरक नाही.’ नसणारच, साठा अजून अर्धवट आहे. चार आठवडे उलटल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. त्यानंतरही काहींना फारसा फरक जाणवत नाही, कारण त्यांच्या स्नायूंत आधीपासूनच भरपूर क्रिएटिन असते. उलट शाकाहारी मुलांचा साठा मुळात कमी असल्याने त्यांच्यात वाढ बहुधा जास्त दिसते. आपल्याकडे अशी मुले पुष्कळ आहेत, आणि लेखात त्यांचा उल्लेखही नाही.

रक्ततपासणीबद्दलही लिहायला हवे होते. मूत्रपिंडाचे काम जोखायला रक्तातले क्रिएटिनिन मोजतात. क्रिएटिन घेणाऱ्याचे हे क्रिएटिनिन, विशेषतः लोडिंगच्या दिवसांत, किंचित वाढलेले दिसू शकते. मूत्रपिंडे धडधाकट असूनही तो आकडा पाहून घरचे घाबरतात. तपासणीआधी डॉक्टरांना क्रिएटिन चालू असल्याचे सांगावे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन घेऊ नये, मग मात्रा २० ग्रॅमची असो वा ३ ची.

लेखातल्या त्या एका वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

— एक व्यायाम प्रशिक्षक, जि. कोल्हापूर