पाठविले की पाठविणे : वहीवाल्या काकांना मनापासून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर नीट बोलता आलं नाही, सारखं रडूच येत होतं, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्ही काय केलंत ते लोकांना कळायला पाहिजे असं मला फार वाटतं.

तुमचं पाकीट मंगळवारी आलं. आत तुमच्या वहीतली चार पानं, वर चिठ्ठी, ‘कार्बन ठेवला होता, उपयोग झाला तर बघ.’ एवढंच. काका, आमच्या पणजोबांच्या पत्राचं जगात आता तेवढंच खरं शिल्लक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पणजोबा परळला गिरणीत होते. 1918 साली मुंबईत तापाची जी साथ आली, आधी जूनमध्ये आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याहून वाईट, त्यात ते गेले. जायच्या आधी त्यांचं एक पत्र चिपळूणजवळच्या आमच्या गावी मोठ्या भावाला आलं, मोडी लिपीत. त्या पत्रात रुपये 15 चा उल्लेख आहे हे घरात सगळ्यांना पाठ. आमच्या घरात सांगायचे की पणजोबांनी पैसे पाठवले आणि मोठ्या भावाने ते दाबले, पणजीला दिलेच नाहीत, ती दोन पोरं घेऊन माहेरी गेली. चुलत घरात सांगायचे की पैसे आलेच नाहीत. शंभर वर्षं झाली, लग्नाकार्याला एकमेकांकडे जातो पण पंगतीत कोणीतरी तो विषय काढतोच.

पत्र दादाकडे ट्रंकेत होतं. 2019 मध्ये आम्ही ते आधी एका जाणकारांकडे दिलं, नाव घेत नाही. पैसे चांगले घेतले, आठ दिवसांत कंप्युटरवर टाइप केलेली दोन सुंदर पानं दिली. सलग मजकूर, कुठे अडखळणं नाही, एक प्रश्नचिन्ह नाही, जणू कालच छापलंय. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘रुपये 15 पाठविले’. मी विचारलं घडीवर कागद फाटलाय तिथलं कसं वाचलंत, तर म्हणाले, ‘सगळं लागलं हो, काळजी करू नका.’ आम्ही खूष. दादाने तर ते लॅमिनेट करून चुलत घरी दाखवायला नेलं. त्या दिवशी आत्याचा चेहरा कसा झाला होता ते आठवलं की आता मला माझीच लाज वाटते.

तुमच्याकडे मी खरं तर सहज आले होते, मूळ पत्र दाखवायला. तुम्ही पैसे घेतले नाहीत, घाई केली नाहीत, तीन दिवस ठेवून घेतलंत आणि मला समजावलंत की मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे सुरू होतो कुठे संपतो हे वाचणाराच ठरवतो. म्हणून आपण काय ठरवलं हे त्याने सांगायलाच हवं. मला तेव्हा वाटलं किती कीस काढतात.

आता ती पानं समोर आहेत. वर कागदाचं वर्णन. लांबी-रुंदी बोटांच्या मापाने, तीन घड्या, मधल्या घडीवर चीर, खाली डावीकडे तपकिरी डाग, मजकूर एकाच बाजूला, शेवटचं वाक्य जागा न उरल्यामुळे समासात उभं लिहिलेलं. शाई एकच पण सही दुसऱ्या हाताची, म्हणजे पत्र कोणाकडून तरी लिहून घेतलंय आणि पणजोबांनी खाली फक्त नाव काढलंय. हे त्या टाइप केलेल्या पानांवर नव्हतंच! आम्ही इतकी वर्षं ‘पणजोबांचं अक्षर’ म्हणून त्या कागदावरून हात फिरवत होतो.

मग ओळवार मजकूर. जे स्पष्ट आहे ते साधं लिहिलेलं. जिथे अक्षरं दिसतात पण शब्दाची खात्री नाही तिथे खाली टिंबांची रेघ. जे दिसतच नाही पण संदर्भावरून भरलंय ते चौकोनी कंसात. आणि जिथे भरायलाही आधार नाही तिथे ‘चीर, चार ते पाच अक्षरं’. ते चार ते पाच कुठून आलं तेही समासात लिहिलंय, की वरच्या ओळीत तेवढ्याच रुंदीत किती अक्षरं बसलीत ते मोजलं. सहाव्या ओळीत ‘कामावरनजाता’ असं सलग आहे आणि पुढे चीर. ते तुम्ही तोडलंच नाहीत. खाली लिहिलंत, ‘कामावर न जाता’ किंवा ‘कामावरन जाता’, पुढचं क्रियापद गेल्यामुळे निर्णय होत नाही. म्हणजे माणूस आजारी पडून खोलीत होता की कामावरून जाताना काही झालं हे त्या कागदावरून कळत नाही, आणि तुम्ही ते कळल्याचं सोंग केलं नाहीत.

तारखेचं मात्र मला फार आवडलं. शके 184 एवढं दिसतं, शेवटचा आकडा घडीत गेलाय. त्या जाणकारांनी सरळ 1840 टाइप केलेलं. तुम्हीही 1840 च लिहिलंत पण शून्य कंसात, आणि कारण दिलंत. पुढे संवत्सराच्या नावातली ‘काळ’ ही दोनच अक्षरं वाचता येतात. 1840 ते 1849 या दहा शकांची दहा संवत्सरं तुम्ही ओळीने मांडलीत, काळयुक्त, सिद्धार्थी, रौद्र, दुर्मती, अशी प्रभवपर्यंत, आणि त्यात ‘काळ’ने सुरू होणारं एकच आहे, काळयुक्त, म्हणजे शके 1840. महिना आश्विन स्पष्ट, म्हणून ऑक्टोबर 1918. बाजूला शेरा, ‘आकडा वाचलेला नाही, काढलेला आहे. पण पक्का.’ उत्तर दोघांचं एकच. पण तुमचं मी आज, कागद नसताना, पंचांग घेऊन पुन्हा तपासू शकते. त्यांचं तपासायला माझ्याकडे काहीच नाही.

आणि आता तो शब्द.

तुम्ही कागद परत दिलात त्या दिवशी तुमच्याही पानावर ‘पाठविले’ साधंच होतं, टिंबं नव्हती. मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तुमचा फोन. मला वाटलं काही राहिलं असेल. तुम्ही म्हणालात, ‘पोरी, काल मी एक शब्द स्पष्ट म्हणून दिला, तो स्पष्ट नाही. रात्री झोप लागेना. तू आल्या आल्या गोष्ट सांगितलीस ना पैशाची, मी त्या गोष्टीतून वाचलं. शेवटच्या अक्षराचा डावा अर्धा भाग डागाखाली आहे. मात्रा दिसते आणि उजवीकडची काडी दिसते. या हातात ‘ले’ असो की ‘णे’, उजवीकडून सारखंच दिसतं, पत्रात बाकी ठिकाणी ताडून बघितलं मी. तुझ्या कागदावर टिंबं दे.’

मी दिली हो टिंबं, पण मनात काय, तर एवढ्याशा अक्षरासाठी सकाळी फोन! मला त्याचा अर्थच तेव्हा कळला नव्हता. जुन्या पत्रांत ‘उत्तर पाठविणे’ म्हणजे उत्तर पाठवा. मग ‘रुपये 15 पाठविणे’ म्हणजे पंधरा रुपये पाठवा! पणजोबांनी पैसे पाठवले नसतील, मागितले असतील. आजारी माणूस, मुंबईत एकटा, कोणाकडून तरी लिहून घेतोय. तसं असेल तर मोठ्या भावाने काही दाबलं नाही, दाबायला काही आलंच नव्हतं.

22 जुलै 2021 ला चिपळूणला पाणी भरलं. दादाचं घर तळमजल्याला. ट्रंक पाण्याखाली गेली, उघडली तेव्हा आत लगदा. स्कॅन ज्या कंप्युटरवर होता तो गेला, पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात होता तोही गेला, तुम्ही दिलेली पानं पत्रासोबतच ट्रंकेत ठेवलेली. काय वाचलं सांगू? ते लॅमिनेट केलेलं. जे सगळ्यात कमी विश्वासाचं तेच प्लास्टिकमध्ये कोरडं राहिलं. तेव्हापासून आमच्या घरात तेच पत्र झालं होतं, आणि ‘पाठविले’ हा पुरावा. मी कितीदा म्हटलं की त्या शब्दाला टिंबं होती, तर सगळे म्हणायचे, दाखव. काय दाखवणार?

आता दाखवते. तुमच्या कार्बनवर ‘पाठविले’च्या ‘ले’वर पेनाने आडवी रेघ, वर ‘ले / णे’, खाली टिंबं, शेजारी त्या अक्षराचं मोठं चित्र, जेवढा भाग दिसला तेवढाच काढलेला आणि डागाची कड तुटक रेघेने, आणि बाजूला दुसऱ्या दिवसाची तारीख घालून सही. तुम्ही फक्त मला फोन करून थांबला नाहीत, स्वतःच्या वहीत सुद्धा खोडलंत, जी वही तुमच्याशिवाय कोणी बघणार नव्हतं. ते चित्र मी मंगळवारपासून कितीदा बघितलंय माहीत नाही. अर्धंच अक्षर. तुम्ही उरलेलं अर्धं काढायचा मोह टाळलात. काढलं असतंत तर आज तेही ‘ले’ झालं असतं आणि कोणाला कळलं नसतं.

अशी माणसं असतात म्हणून जुनं काहीतरी धड पोचतं आपल्यापर्यंत. माहीत नाही तर माहीत नाही म्हणणारा माणूस, आणि काल चुकलो म्हणून आज सकाळी फोन करणारा माणूस, मी फार बघितलेले नाहीत.

तो शब्द ‘णे’च आहे असंही आता कोणी म्हणू शकत नाही हे मला कळतं. दादा लगेच तिकडे झुकायला लागला होता, त्याला मी तुमचं चित्र दाखवून थांबवलं. कागद गेला, अक्षर आता यापुढे अर्धंच राहणार. पण स्पष्ट आहे असं सांगून आम्ही जो आरोप घरोघर नेला तो तर परत घेता येतो.

परवा मी आत्याला फोन केला. ती 81 वर्षांची आहे, तिचे आजोबा म्हणजे ते मोठे भाऊ. मी सगळं वाचून दाखवलं, तुमची टिंबं, कंस, चीर, सगळं म्हणून दाखवलं. ‘ले किंवा णे’ म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, ‘परत वाच तेवढं.’ मी तीनदा वाचलं.

लॅमिनेट केलेलं पान दादाने भिंतीवरून काढलंय. तुमच्या पानांच्या झेरॉक्स तीन घरांत तीन ठिकाणी ठेवल्यात, एक वरच्या मजल्यावर. मूळ पानं पोस्टाने परत पाठवायचा धीर होत नाही, येत्या रविवारी आत्याला घेऊन पुण्याला येते आणि तुमच्या हातात देते. तिला ते चित्र तुमच्याकडून समजून घ्यायचंय.

लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची,
चिपळूणची पोरगी