वीरगळाची पाटी बदलून दिल्याबद्दल ताईंचे आभार

ताई, नमस्कार.

आमच्या खानापूर भागातल्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात येऊन तुम्ही वीरगळाची पाटी नव्याने लिहून दिलीत, त्याबद्दल चारचौघात आभार मानायचे राहिलेत म्हणून हे पत्र.

जुनी पाटी तुम्हाला आठवत असेलच. 'वीरगळ, पाषाण, उंची, शिल्पपट तीन, अंदाजे १२ वे शतक', आणि त्याखाली राजघराण्यांची अशी लांबलचक यादी की वाचणारा दगडाकडे बघायचा विसरूनच जायचा. तुम्ही आधी काही लिहिलंच नाही, कोपऱ्यात उभं राहून नुसतं लोकांच्या डोळ्यांकडे बघत बसलात, आणि म्हणालात की वाचताना नजर दगडावर जात नसेल तर पाटी फुकट गेली. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं बघा.

मग जे लिहिलंत ते इथं टाकतोय, बाकीच्यांनाही उपयोग होईल:

'सगळ्यात खाली बघा. तलवार घेऊन लढणारा माणूस, आणि त्याच्यामागे गाई. गाई पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. टोकाला चंद्र-सूर्य आहेत, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहो. त्याचं नाव दगडावर नाही.'

चाळीसेक शब्द, उभ्या-उभ्या अर्ध्या मिनिटात वाचून होतात आणि उरलेला वेळ दगड बघायला मिळतो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो हे वेगळं सांगावंच लागलं नाही, पहिलं वाक्यच माणसाला खाली बघायला लावतंय. काळ आणि दगडाची जात तळाला बारीक अक्षरात गेली. ज्याला पाहिजे तो वाकून वाचेल की.

शेवटच्या वाक्यावरून आमच्या कमिटीत वाद झाला होता. काहींना 'शूर सरदार' हवं होतं. तुम्ही विचारलंत, सरदार कशावरून? घोडा नाही, छत्र नाही, लेख नाही, साधा गुराखीसुद्धा असू शकतो. गप्प बसले सगळे. खरं सांगू, मला ते वाक्यच सगळ्यात आवडतं.

कन्नड मजकूरही त्याच क्रमाने बसवलाय, शेजारी-शेजारी, दोन्हीकडे सुरुवात 'खाली बघा' नेच. परवा शाळेची पोरं आली होती, एकाने पाटी वाचली आणि बाकीची गुडघ्यावर बसून गाई मोजायला लागली.

आता सतीशिळेची पाटी घेतलीय. कोपरातून वाकलेला हात आणि त्यातला चुडा, तिथूनच सुरू केलंय, पण मजकूर अजून लांब होतोय. पाठवतो, निर्दयपणे कापा.

तुमचा,
संग्रहालयाच्या किल्ल्या सांभाळणारा